चिठ्ठीतला तिसरा प्रश्न

इंदूरच्या रामबागेजवळ मी औषधांचे दुकान चालवतो. एका बुधवारी सकाळी जुन्या गिऱ्हाईक असलेल्या काकूंनी नातवाच्या हाती चिठ्ठी पाठवली. तीत चार प्रश्न होते: थायरॉइडच्या गोळीनंतर चहा किती वेळाने घ्यावा, कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत चालेल का, पिवळी गोळी चुकली तर आज घेऊ का, आणि उघडलेले इन्सुलिनचे पेन फ्रिजबाहेर किती दिवस टिकते.

तीन उत्तरे मी लगेच लिहिली. चहा अर्ध्या ते एका तासाने, कॅल्शियम चार तासांच्या अंतराने, आणि त्यांचे पेन २८ दिवस. तिसऱ्यापुढे माझे पेन थांबले. त्या आठवड्यात त्यांनी फॉलिक ॲसिड नेले होते, ते पिवळेच असते आणि उशिरा घेतले तरी बिघडत नाही. त्यामुळे ‘घ्या’ असे मी लिहिणारच होतो. परंतु त्यांना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटही चालू होते, आणि आमच्याकडे येणारी ती गोळीही पिवळीच. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड येते, रक्तपेशी घटतात, जिवावरही बेतते.

ती जागा कोरी सोडली असती, तर वरचेच उत्तर त्यांनी तिला लावून घेतले असते. म्हणून तिथे ‘फोन करतो, तोवर पिवळी कोणतीच घेऊ नका’ असे लिहून नातवाला पाठवले आणि फोन लावला.

‘मेथोट्रेक्सेटच ना?’ असे विचारणे मी टाळले, कारण अशा प्रश्नाला वयस्कर माणूस भिडेने ‘हो’ म्हणतो. ‘काकू, पट्टीमागचे नाव एकेक अक्षर वाचून दाखवा,’ एवढेच म्हणालो. पट्टी कापलेली होती, अर्धेच नाव उरले होते. नातू पोचल्यावर त्याने डब्यावरून पूर्ण नाव वाचले. ते मेथोट्रेक्सेटच निघाले. मग दोनच गोष्टी विचारल्या: ती कोणत्या वारी ठरलेली आहे, आणि त्या वारानंतर एखादी घेतली गेली आहे का. वार रविवार होता, आणि नंतर एकही घेतलेली नव्हती.

ठरलेल्या वारानंतर दोन दिवसांपर्यंत चुकलेली मात्रा घेता येते. इथे तिसरा दिवस होता. म्हणून ती सोडून द्या, येत्या रविवारी नेहमीइतकीच घ्या, दुप्पट नको, असे सांगितले आणि डॉक्टरांच्या कानावर घालायला लावले.

‘अहो, पण मी रंग तर लिहिला होता,’ काकू म्हणाल्या. तेव्हा त्यांच्याकडून दोन्ही डबे मागवून घेतले आणि मेथोट्रेक्सेटच्या डब्यावर जाड अक्षरांत ‘फक्त रविवार’ लिहून दिले.