चक्करची गोळी

नाना कुठे पडले ती जागा मी आजही दाखवू शकेन. पलंगाच्या कडेपासून दीड पावलावर, कपाटाच्या अलीकडे. घरच्यांनी मात्र मला बोलावण्याआधीच बाथरूममध्ये स्टीलचे दांडे बसवून घेतले होते आणि फरशीवर रबरी मॅट टाकली होती. म्हातारं माणूस पडतं ते बाथरूममध्येच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असतं.

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करते. नानांचं घर सहकारनगरला, वय ७९. आधी दोनदा पडले होते म्हणून मला बोलावलं. पाय घासत, लहान लहान पावलं टाकत चालायचे. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं, एका पावलापुढे दुसरं लावून उभं राहणं, असे सहा दिवस व्यायाम झाले. सातव्या दिवसाच्या आदल्या रात्री तीन वाजता ते लघवीला उठले आणि तिसऱ्यांदा पडले. उजवं मनगट मोडलं.

प्लास्टर घातल्यावर गेले तेव्हा, जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. नानांना पाच मिनिटं आडवं झोपवलं आणि डाव्या हाताला बीपी घेतलं: १४२/८०. मग उभं करून एका मिनिटाने, ११६/७०. तीन मिनिटांनी १०८/६६. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तरी ते धोक्याचं धरतात. इथे वरचा ३४ ने उतरला होता. दवाखान्यात बीपी बसवूनच घेतात, त्यामुळे त्यांच्या फाइलमध्ये सगळे आकडे छान होते.

"नाना, आत्ता कसं वाटतंय?"

"अंधारी येतेय थोडी. रोजचंच आहे, ताई. त्याची गोळी चालू आहे ना."

वहिनींनी गोळ्यांचा स्टीलचा डबा आणला. बीपीची गोळी होती, तिच्यातच लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं. प्रोस्टेटसाठी रात्रीची टॅमसुलोसिन होती. आणि चक्करची म्हणून प्रोक्लोरपेराझिन. ही शेवटची आठ महिन्यांपूर्वी पाच दिवसांसाठी लिहून दिलेली. पाच दिवसांनी कुणी बंद करा म्हणालं नाही. जुनी स्ट्रिप दाखवली की मेडिकलवाला नवी देत राहिला. तीन डॉक्टरांनी तीन वेळा लिहिलं आणि तिन्ही चिठ्ठ्या एकत्र कुणीच पाहिल्या नाहीत, याचा मला अजून राग येतो.

आपण उभे राहतो तेव्हा रक्त पायांकडे उतरतं आणि शिरांनी लगेच आवळून ते वर ठेवायचं असतं. टॅमसुलोसिन शिरा सैल करते, लघवीच्या औषधाने अंगातलं पाणी कमी होतं आणि प्रोक्लोरपेराझिननेही बीपी उतरतं. शिवाय ही गोळी मेंदूतलं डोपामाइन अडवते. महिनोन्महिने घेतली तर हालचाल आखडते, पाऊल लहान होतं, चालताना हात हलेनासे होतात. पार्किन्सनसारखंच. मी ते घासणारे पाय सहा दिवस समोर पाहत होते आणि वयाच्या खात्यावर टाकत होते. तोल जाणाऱ्या माणसाला मी तोलाचे व्यायाम देत होते आणि गोळी रोज तो तोल काढून घेत होती.

गोळी बंद करणं माझ्या हातात नाही, आणि घरच्यांनीही ते आपल्या मनाने करू नये. तिन्ही आकडे वेळेसकट आणि सगळ्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून दिली आणि दादांना नेहमीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी चक्करची गोळी थांबवली आणि बीपीची साधी, लघवीच्या औषधाविना दिली. टॅमसुलोसिन राहिली, कारण ती काढली तर लघवी तुंबायची भीती.

दिव्याचं मात्र नानांनीच सांगितलं. बटण दाराजवळ, पलंग समोरच्या भिंतीला. आजींची झोप मोडू नये म्हणून ते अंधारातच जायचे. दादांनी पलंगाखाली, पाय खाली टेकताच लागणारा छोटा दिवा लावला. अंगठ्यात धरायच्या गुळगुळीत झालेल्या स्लिपर गेल्या, मागे पट्टा असलेल्या पातळ तळाच्या सँडल आल्या. पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, पोटऱ्या दहा-बारा वेळा हलवायच्या आणि मगच उठायचं, हे आजी रात्री स्वतः जाग्या होऊन करून घेतात. आपली झोप मोडू नये म्हणूनच ते अंधारात जायचे, हे त्यांना तेव्हा कळलं.

दोन आठवड्यांनी उभं राहिल्यावरचा फरक बारावर आला. प्लास्टर निघालं, व्यायाम परत सुरू झाले. पाऊल लांब पडू लागलंय. उजवा हात चालताना हलतो, डावा अजून नाही. गोळीचा परिणाम जायला कधी कधी महिने लागतात, पण तो सहसा दोन्ही बाजूंना सारखा असतो. एकच बाजू मागे राहिली तर गोळीने आतला पार्किन्सन उघड केला असंही असू शकतं. म्हणून मेंदूच्या डॉक्टरांची पुढच्या महिन्याची वेळ घेतली आहे. तोवर दर मंगळवारी नाना पॅसेजमधून माझ्याकडे चालत येतात आणि मी त्या डाव्या हाताकडे बघत उभी असते.