छताची रेघ अखेर सरळ झाली, पण पॅनलनी आठवडा खाल्ला

घराच्या 3D मॉडेलचा गेल्या वेळी दाखवलेला, रस्त्यावरून घेतलेला रेंडर विसरा. सोलर फिटिंग करणाऱ्या मित्राला दाखवला, तर म्हणाला, "घर पुण्यात ना? मग पॅनल ऑस्ट्रेलियातली का लावलीस?"

रस्ता घराच्या उत्तरेला आहे. निळी काच दिसावी म्हणून मी पॅनल रस्त्याकडे तोंड करून ठेवली होती. पुण्यात ती दक्षिणेकडे, साधारण 18 अंश कललेली हवीत. मुकाट्याने फिरवली. आता रस्त्याकडे आली त्यांची उंच कड आणि मागचा सांगाडा, कठड्याच्या वर. छताची रेघ करवतीसारखी दिसायला लागली.

मग कठडाच वाढवून पाहिला. घराने कानावर टोपी ओढल्यासारखं झालं. चार दिवस असेच गेले. शेवटी मॉडेल बंद करून कागदावर छेद काढला.

कठड्याचा माथा 7.6 मीटरवर, कॅमेरा 1.6 वर आणि घरापासून 15 मीटर लांब. म्हणजे कठड्यावरून जाणारी नजर 15 मीटरला 6 मीटर चढते, दर मीटरला 40 सेंटिमीटर. सांगाड्याची उंच कड कठड्यापेक्षा 1.8 मीटर वर आहे. 1.8 भागिले 0.4, साडेचार मीटर. सांगाडा कठड्यापासून पाच मीटर मागे, दक्षिणेकडे सरकवला आणि रेघ स्वच्छ! पाय 2.4 मीटरचेच ठेवले, खाली कपडे वाळत घालता येतात.

पॅनल मात्र रस्त्यावरून दिसतच नाहीत. न दिसू देत. कॅमेरा वर उचलून दुसरं दृश्य काढतोय, ती तिथे दिसतील. फुकट उतरवलेल्या पॅनल मॉडेलची फ्रेम 10 सेंटिमीटर जाड निघाली. खरी 35 मिलिमीटरच्या आसपास असते. असली मॉडेलं मोजल्याशिवाय वापरू नका.

पाण्याच्या उतारातही गाढवपणा केला होता. 100 ला 1 उतार द्यायला अख्खी गच्चीच फिरवली, त्यामुळे 11 मीटरमध्ये कठडा 11 सेंटिमीटर कलला. रेंडरमध्ये भिंती उभ्या ठेवायला कॅमेऱ्याचा Shift Y वापरतो, म्हणून आधी त्यालाच शिव्या दिल्या. आता स्लॅब आणि कठडा सपाट, उतार फक्त वरच्या कोब्यात. पाणी 110 मिलिमीटरच्या पाइपने कोपऱ्यातून खाली येतं. पाइप भिंतीत रुतवला नाही, क्लॅम्पवर थोडा सुटा ठेवला. त्याची बारीक सावली पडली आणि भिंत एकदम खरी वाटायला लागली.

पोर्चवरच्या हिरव्या छतासाठी मी स्लॅब 40 सेंटिमीटर जाड केला होता, अगदी केकच. आता बाहेरची तुळई जागेवर ठेवून आतला स्लॅब बाथरूमसारखा 20 सेंटिमीटर खाली घेतला. निचऱ्याचा थर आणि 10 सेंटिमीटर माती आत मावली, कडेवर फक्त पानं डोकावतात.

हे लिहिताना सुचलं, पाइपचं पाणी पावसाच्या पाण्याच्या टाकीत नेण्याआधी पोर्चच्या मातीत सोडलं तर? नको, गच्चीचं एवढं पाणी माती वाहून नेईल. टाकी जिन्याखालीच दाखवतो.