बायलिनिअरच्या गणितात केंद्र जातं कुठे? माझा अनुभव

इंजिनिअरिंगच्या गणितात बायलिनिअर ट्रान्सफॉर्मेशनवर एक ठरलेला प्रश्न येतो: w = (2z+3)/(z−4) घेतलं, तर x²+y²−4x=0 या वर्तुळाची इमेज काय? हा प्रश्न मला कधी जड गेला नाही. वर्तुळ z=4 मधून जातं, म्हणजे पोलमधून जातं, म्हणून इमेज रेषा. सगळे सहगुणक वास्तव आहेत आणि वर्तुळ वास्तव अक्षाला काटकोनात छेदतं, म्हणून रेषा उभी. z=0 टाकलं की w=−3/4. उत्तर u=−3/4, संपलं. नोट्समध्ये यासाठी z ची किंमत काढून x, y वेगळे करत दोन पानं भरली होती. तीही चालतात, वेळ असेल तर.

खरा वैताग पुढच्या गणिताने दिला. फंक्शन तेच, वर्तुळ |z−2−2i|=2. पोल आता वर्तुळाबाहेर आहे, त्यामुळे इमेज वर्तुळच येणार यात वाद नाही. पण झेरॉक्सच्या दुकानात मिळालेल्या सोडवलेल्या पेपरात लिहिलं होतं की मूळ केंद्राची इमेज म्हणजे नवं केंद्र. 2+2i टाकून त्यांनी −0.75−2.75i हे केंद्र काढलं आणि खाली ताळाही दिला: z=2 जातो −3.5 वर, z=4+2i जातो 2−5.5i वर, आणि दोन्ही बिंदू या केंद्रापासून सारख्याच अंतरावर, सुमारे 3.89. झालं, त्रिज्या मिळाली!

मी तिसरा बिंदू टाकून पाहिला. z=2+4i वर्तुळावरच आहे, त्याची इमेज 0.9−2.2i. त्या केंद्रापासून हिचं अंतर भरतं जेमतेम 1.74. मग आधीचे दोन जुळले कसे? पोल 4 आणि केंद्र 2+2i यांना जोडणाऱ्या रेषेच्या दोन बाजूंना ते बिंदू समोरासमोर आहेत. अशी जोडी त्या रेषेच्या इमेजवरच्या कुठल्याही बिंदूपासून सारख्याच अंतरावर पडते, मग केंद्र चुकीचं असो वा बरोबर. म्हणून ताळा घ्यायचाच तर तीन बिंदूंचा घ्या, आणि वर्तुळावर आडवेतिडवे पसरलेले घ्या.

केंद्र केंद्रावर का जात नाही, हे मला परावर्तनातून पटलं. वर्तुळात केंद्राचा जोडीदार अनंत असतो आणि असल्या जोड्या बायलिनिअर फंक्शन मोडत नाही. नव्या वर्तुळात अनंतावर कोण जाऊन बसतो? पोल, म्हणजे 4. मग नव्या केंद्रावर जाणार तो पोलचा जोडीदार. तो शोधायला केंद्राकडून पोलच्या दिशेने निघायचं आणि एकूण अंतराचा r²/d² इतका भाग चालायचा. d म्हणजे केंद्रापासून पोलचं अंतर. इथे r²=4 आणि d²=8, म्हणजे बरोबर निम्मी वाट: 3+i. ते फंक्शनमध्ये टाका:

(9+2i)/(−1+i) = −3.5−5.5i

हे झालं केंद्र. −3.5 पासून अंतर 5.5, 2−5.5i पासूनही 5.5. आणि तो तिसरा, 0.9−2.2i? आडवं अंतर 4.4, उभं 3.3, म्हणजे पुन्हा 5.5. हे पाहून मला जो आनंद झाला तो सांगायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

पोलमधून जाणाऱ्या व्यासाची दोन टोकं टाकूनही हे गणित सुटतं. केंद्र वास्तव अक्षावर असेल तर मी तसंच करतो: |z|=2 घेतलं तर 2 जातो −7/2 वर, −2 जातो 1/6 वर, मध्यबिंदू −5/3. पण वरच्या गणितात ती टोकं काढताना √2 गळ्यात पडतो, आणि परीक्षेत तो नको असतो.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं: w=1/z साठीही हेच लागू, फक्त पोल 0. पण खालची-वरची बाजू बघा. y=1/2 ही रेषा वर आहे, तिचं वर्तुळ खाली पडतं: केंद्र −i, त्रिज्या 1. भूमितीतलं इन्व्हर्जन म्हणजे 1/z̄, त्यात ते वरच राहतं. आकृती काढताना बरेच जण दोन्ही एकच समजतात.

पोल नेमका वर्तुळाच्या केंद्रावरच असेल तर त्याचा जोडीदार अनंत, म्हणून नवं केंद्र a/c, म्हणजे वरच्या आणि खालच्या z च्या सहगुणकांचा भागाकार; आपल्या फंक्शनमध्ये 2. आणि प्रश्नात आतला भाग विचारला असेल तर आधी पोल कुठे आहे ते पाहा: बाहेर असेल तर आतलं आतच राहतं, आत असेल तर आतलं सगळं बाहेर जातं.