आगाऊ कॉल, व्याज आणि शेवटच्या कॉलच्या नोंदी: माझा अनुभव

आमच्या छोट्या कंपनीने १०० रुपये दर्शनी किमतीचे २०,००० शेअर्स काढले. अर्जासोबत २५, वाटपाला २५, पहिला कॉल २५ आणि शेवटचा कॉल २५ अशी रचना होती. कॉल म्हणजे शेअरच्या उरलेल्या रकमेची कंपनीने केलेली मागणी. वाटपाची रक्कम १ ऑक्टोबर २०२३ ला, पहिला कॉल १ जानेवारी २०२४ ला आणि शेवटचा १ जुलै २०२४ ला देय होता. हिशेब माझ्याकडे होते.

वाटपाच्या वेळी बँक स्टेटमेंटमध्ये एका भागधारकाचे ३०,००० रुपये दिसले. त्यांच्याकडे ४०० शेअर्स, म्हणजे देणं फक्त १०,००० चं. तपशिलात नुसतं 'शेअर मनी'. फोन केला तर म्हणाले, "पुढचे दोन्ही कॉल आत्ताच भरून टाकलेत, परत कोण आठवण ठेवणार?" आणखी दोघांनी तसंच केलं होतं. तिघांचे मिळून ८०० शेअर्स, म्हणजे ४०,००० रुपये आगाऊ. दुसऱ्या एका भागधारकाने पहिल्या कॉलसोबत ४०० शेअर्सचा शेवटचा कॉल, १०,००० रुपये, भरला. मी प्रत्येकाकडून ही रक्कम कुठल्या कॉलपोटी आहे ते लेखी घेतलं. तो कागद नसेल तर पुढे व्याजावर वाद ठरलेला.

असे पैसे घ्यायला कंपनीच्या नियमावलीत परवानगी लागते. कंपनी कायदा २०१३ चं कलम ५० तसं सांगतं. हे पैसे भांडवल नाहीत. कॉल होईपर्यंत त्यावर मताधिकार नाही, आणि आमच्या नियमावलीप्रमाणे लाभांशही नाही. ताळेबंदात ते इतर चालू दायित्वांत बसतात. व्याजाचा दर संचालक मंडळ आणि भागधारक ठरवतात. कायद्यातल्या नमुना नियमावलीत, म्हणजे टेबल एफमध्ये, कमाल दर १२ टक्के आहे. सर्वसाधारण सभेने वेगळं ठरवलं तरच तो ओलांडता येतो. आमचा दर १२ टक्केच ठरला, आणि सगळं व्याज शेवटच्या कॉलच्या वेळी द्यायचं असंही.

खरी गंमत व्याजाच्या कालावधीत. आमचे एक संचालक ४०,००० वर सरळ नऊ महिने लावून ३,६०० काढून बसले होते. पण कॉल देय झाला की त्या भागावरचं व्याज थांबतं, कारण तो पैसा आता आगाऊ राहत नाही. त्यामुळे तिघांच्या ४०,००० चे दोन तुकडे पाडले. पहिल्या कॉलच्या २०,००० वर तीन महिन्यांचे ६०० आणि शेवटच्या कॉलच्या २०,००० वर नऊ महिन्यांचे १,८००. चौथ्यांच्या १०,००० वर सहा महिन्यांचे ६००. एकूण ३,०००.

मध्ये ३१ मार्च आला. तोवर चढलेलं व्याज तिघांचं ६०० आणि १,२००, चौथ्यांचं ३००, म्हणजे २,१००. वर्ष तोट्यात गेलं होतं. "नफाच नाही, तर व्याज कसलं?" असं तेच संचालक म्हणाले. पण हा लाभांश नाही. एकदा कबूल केलं की नफा असो वा तोटा, हा खर्च धरावाच लागतो.

आगाऊ कॉलवरील व्याज खाते नावे २,१००
भागधारकांना देय व्याज खाते जमा २,१००

पहिल्या कॉलच्या वेळी २०,००० रुपये आगाऊ कॉल खात्यातून आधीच वळते केले होते. त्यामुळे शेवटच्या कॉलपूर्वी त्या खात्यात ३०,००० शिल्लक दिसायला हवी होती, आणि तेवढीच दिसली. हा आकडा जुळला नाही तर पुढे जाऊच नये. कुणाच्या तरी शेअर्सची संख्या चुकलेली असते. १ जुलैला मागणीची नोंद पूर्ण रकमेची केली. आगाऊ आलेले वजा करून करायची नाही.

शेअर शेवटचा कॉल खाते नावे ५,००,०००
शेअर भांडवल खाते जमा ५,००,०००

एका भागधारकाचे २०० शेअर्सचे ५,००० आलेच नाहीत. त्यामुळे वसुलीची नोंद अशी झाली:

बँक खाते नावे ४,६५,०००
आगाऊ कॉल खाते नावे ३०,०००
थकीत कॉल खाते नावे ५,०००
शेअर शेवटचा कॉल खाते जमा ५,००,०००

एप्रिल ते जूनचं उरलेलं ९०० व्याज आधीच्याच पद्धतीने नोंदवलं आणि मग ३,००० दिले:

भागधारकांना देय व्याज खाते नावे ३,०००
बँक खाते जमा ३,०००

प्रत्येकाचं व्याज त्या वर्षीच्या ५,००० च्या मर्यादेत होतं, म्हणून टीडीएस कापावा लागला नाही.

थकबाकीदाराने १ ऑक्टोबरला पैसे भरले. थकीत कॉलवर टेबल एफमध्ये कमाल १० टक्के आहे, मंडळाला ते कमी किंवा माफही करता येतं. आमच्या मंडळाने माफ केलं नाही. ५,००० वर तीन महिन्यांचे १२५ झाले. बँक नावे ५,१२५, थकीत कॉल जमा ५,००० आणि थकीत कॉलवरील व्याज जमा १२५.