पाणी गुलाबी नव्हतं

घटक चाचणीचे पेपर तपासताना मी चहा दोनदा गरम करून घेते आणि दोन्ही वेळा तो थंडच पिते. या खेपेला नववीच्या मराठीच्या पेपरात प्रश्न मीच काढला होता, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नव्हती. 'तुमची शाळा नुकतीच लोणारला सहलीला जाऊन आली आहे. त्या अविस्मरणीय दिवसाची नोंद तुमच्या रोजनिशीत लिहा. शब्दमर्यादा 100 ते 120.' गुण पाच. त्यातला एक मांडणीला, दोन आशयाला, दोन भाषेला. मांडणीचा एक म्हणजे दिनांक आणि वार मिळून अर्धा, वेळ लिहिली तर उरलेला अर्धा.

सहल खरोखरच डिसेंबरात झाली होती. जालन्याहून एसटीच्या दोन लाल गाड्या, वाटेत सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान, मग लोणार. मी पुढच्या गाडीत होते. मुलांनी पाहिलेलंच लिहायचं आहे, तर निदान या वेळी निबंधाच्या पुस्तकातली वाक्यं तरी येणार नाहीत, अशी माझी भाबडी समजूत होती.

पहिल्या दहा पेपरांतच ती गेली. 'आजची सकाळ काही औरच होती.' 'आनंदाला पारावार उरला नाही.' 'निसर्गाने मुक्तहस्ताने उधळण केली होती.' लोणारच्या त्या विवरात बाभळी आहेत, माकडं आहेत, काठावर पडझड झालेली देवळं आहेत. उधळण कुणी केली आणि कशाची, ते मला दिसलं नव्हतं. एकाने पत्राच्या सवयीने 'प्रिय रोजनिशीस, स. न. वि. वि.' अशी सुरुवात करून खाली 'तुझा आज्ञाधारक' लिहिलं होतं. मी तिथे लाल रेघ मारली खरी, पण वहीचा आज्ञाधारक असणं काही वाईट नाही.

रोजनिशीचा प्रश्न सोपा वाटतो आणि तिथेच मुलं घसरतात. पहिली घसरण काळाची. रोजनिशी त्याच रात्री लिहायची असते, म्हणून तिच्यात 'आज' असतो. 'त्या दिवशी आम्ही' असं लिहिलं की ती आठवण झाली, नोंद राहिली नाही. 'उद्या' सुद्धा चालतो, कारण लिहिणाऱ्याला उद्याचं अजून काही ठाऊक नाही. 'ती सहल मी कधीच विसरणार नाही' हे मात्र त्याच रात्री, पाय दुखत असताना कुणी लिहीत नाही. तरी बहुतेकांचं शेवटचं वाक्य तेच होतं.

दुसरी घसरण हिशेबाची. एकशे वीस शब्द म्हणजे शाळेच्या उत्तरपत्रिकेत बारा ते पंधरा ओळी. एका मुलाचा पेपर मी नमुन्यादाखल मोजून पाहिला. सकाळी सहाला शाळेत जमलो, हजेरी झाली, गणपतीचा जयघोष केला, गाडी सुटली, गाण्याच्या भेंड्या खेळलो, नाश्त्याला पोहे होते. इथवर सत्तर शब्द संपले आणि गाडी अजून सिंदखेडराजाला पोचली नव्हती. उरलेल्या पन्नासात राजवाडा, सरोवर, जेवण, परतीचा प्रवास आणि गुरुजनांचे आभार. पाचपैकी अडीच दिले. हे वेळापत्रक होतं, आणि ते सूचनाफलकावर आधीच लागलेलं होतं.

या सगळ्याची मला सवय आहे. सवय नव्हती ती गुलाबी पाण्याची.

'सरोवराचे गुलाबी पाणी पाहून डोळ्यांचे पारणे फिटले.' असं वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हा वाटलं, हा आलाच नसेल. मग दुसऱ्या पेपरात. मग पाचव्यात. मी बाजूला कागदावर काड्या मारायला लागले. सेहेचाळीस पेपरांत एकोणीस जणांनी पाणी गुलाबी लिहिलं होतं. त्यातली निम्मी मुलं माझ्याच गाडीत होती, माझ्याबरोबर काठाशी उभी होती. आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं पाणी हिरवट होतं.

लोणारचं पाणी एरवी हिरवटच असतं. ते खारट आणि आम्लारीधर्मी आहे आणि तशा पाण्यात जगणारं नीलहरित शैवाल त्याला रंग देतं. गुलाबी झालं होतं ते 2020 च्या जूनमध्ये. तेव्हा वर्तमानपत्रांत पानभर फोटो आले, पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत गेले आणि कारण कळलं. पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि मिठात फोफावणारे सूक्ष्मजीव वाढले. त्यांच्या अंगातल्या रंगद्रव्याने तळं रंगलं. पुढे पावसाचं पाणी आलं आणि रंग ओसरला. ही मुलं तेव्हा तिसरी-चौथीत असतील. पण मोबाइलवर लोणार शोधलं की अजून तेच गुलाबी फोटो आधी येतात. सहलीच्या आदल्या रात्री प्रत्येकाने ते पाहिले असणार.

म्हणजे मुलांनी डोळ्यांनी हिरवं पाहिलं आणि पेपरात गुलाबी लिहिलं. कुणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं. प्रश्नात 'अविस्मरणीय' हा शब्द मात्र होता, आणि तो मीच घातला होता. हिरवट, वासाचं पाणी अविस्मरणीय कसं असेल? पाच गुणांसाठी गुलाबीच बरं. मला राग येण्याऐवजी जरा ओशाळल्यासारखं झालं.

मग एका मुलीचा पेपर आला. तो जसाच्या तसा देते, फक्त शुद्धलेखन सुधारून.

'18 डिसेंबर 2025, गुरुवार. पाणी गुलाबी नव्हतं. हिरवट होतं, आमच्या गच्चीवरच्या टाकीत शेवाळ धरतं तसं. खाली उतरल्यावर सगळ्यांनी आधी तेच विचारलं, गुलाबी कुठंय? विज्ञानाच्या सरांनी सांगितलं की ते पाच वर्षांपूर्वी झालं होतं. काठावर कुजका वास येत होता. सरांनी खिशातून लिटमसच्या पट्ट्या काढल्या. तांबडी पट्टी पाण्यात धरली तर निळी झाली. पुस्तकातलं खरं निघालं म्हणून सगळे ओरडले. मैत्रिणीचा बूट चिखलात रुतला. तिने पाय ओढला तर पाय वर आला आणि बूट खालीच राहिला. वर चढताना तो तिच्या हातात होता. धारेवर तिने तो धुतला. धारेचं पाणी गोड आहे. एवढ्या जवळजवळ एक पाणी खारट आणि एक गोड, हे मला अजून पटत नाहीये. निळी पट्टी या पानाला चिकटवते आहे. ती सुकली तरी निळीच आहे.'

मी चष्मा काढून पुसला. पेपर तपासताना असं क्वचित होतं.

पाहा, या मुलीने काय काय सोडून दिलं आहे. सकाळी सहा वाजता जमणं नाही, पोहे नाहीत, भेंड्या नाहीत. राजवाड्याचं नावही नाही. थेट काठावर उभी. पहिल्याच वाक्यात अपेक्षा मोडली आणि ती मोडली हे लपवलं नाही. बूट, चिखल यांचा गुणदान योजनेत कुठे उल्लेख नाही, पण तो बूट हातात घेऊन चढणारी पोर मला दिसली. आणि 'पटत नाहीये' हे क्रियापद. बाकीच्या पंचेचाळीस जणांनी 'ज्ञानात भर पडली' लिहिलं होतं.

धारेचं तिने लिहिलं ते अगदी खरं आहे. विवराच्या कडेला गोमुखातून झऱ्याचं पाणी पडतं, त्याला तिथे धार म्हणतात. लोक तिथे अंघोळ करतात, बाटल्या भरून नेतात. खाली उतरलं की सरोवराचं पाणी जिभेला लावता येत नाही. विवराचा व्यास दोन किलोमीटरही नाही. उल्का आदळून बसाल्टच्या खडकात ते झालं, झरे त्या कडेतून आत येतात, आणि खाली साचलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. हे मी नंतर वाचलं. तिथे असताना माझं लक्ष मुलं मोजण्यात होतं.

मी स्वतः नववीत असताना खरीखुरी रोजनिशी लिहायची. घरी आईच्या ट्रंकेत ती अजून आहे. अजिंठ्याच्या सहलीची माझी नोंद अशी: 'उलटी झाली. खिडकी मिळाली नाही. लेणी चांगली आहेत.' आज ती मलाच तपासायला दिली तर पाचपैकी दीडच्या वर देता येणार नाही. खरी रोजनिशी आणि पेपरातली रोजनिशी यांचं नातं असं आहे. खरीला वाचक नसतो म्हणून ती आळशी असते, पेपरातलीला एकच वाचक असतो आणि त्याच्या हातात लाल पेन असतं. या मुलीने तो वाचक विसरून, पण आळस न करता लिहिलं होतं.

आशयाला दोनपैकी दोन, भाषेला दोनपैकी दोन. मांडणीत दिनांक होता, वार होता. वेळ नव्हती. मी पेन थांबवून विचार केला, आणि शेवटी अर्धा कापला. बाकीच्यांचा ज्या नियमाने कापला तो हिला माफ करायचा, तर पेपर वाटताना वर्गात दंगल झाली असती. साडेचार.

पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दाराशी आली. सगळी मुलं अर्ध्या गुणासाठी येतात, तशीच.

'मॅडम, अर्धा कशाचा गेला?'

'अगं, वर वेळ लिहिली नाहीस. रोजनिशीत दिनांक, वार आणि वेळ. तीनदा सांगितलं होतं वर्गात.'

'ते माहीत होतं मॅडम.'

'मग?'

ती उंबऱ्यावर बोट फिरवत राहिली. 'गाडी परत किती वाजता आली ते मला माहीत नव्हतं.'

'तू गाडीत नव्हतीस?'

'नाही. पैसे भरायची तारीख गेली तोवर. मी मैत्रिणीला सगळं विचारून घेतलं, बाकावर शेजारी बसते ना. बूट तिचाच होता. पट्टी पण तिनेच दिली मला.'

मला काय बोलावं ते सुचेना. प्रश्नात 'तुमची शाळा' असं लिहिलं होतं, 'तुम्ही' असं नव्हतं. नियमाने तिचं काही चुकलं नव्हतं. मी विचारलं, 'एवढं सगळं विचारलंस, मग गाडी कधी आली ते पण विचारायचं.'

'विचारलं की मॅडम. ती म्हणाली, मी झोपले होते.'