आमची वाटचाल: उटण्यातून चंदन का गेलं

आमच्या उटण्याच्या पहिल्या पाकिटावर चंदनाच्या खोडाचं चित्र होतं. २००६ च्या दिवाळीआधी सासूबाईंच्या कृतीने घरच्या ओट्यावर चाळीस किलो उटणं केलं आणि साताऱ्यात ओळखीपाळखीत विकलं. गव्हला, कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची साल, जटामांसी आणि चंदन. सगळं पुण्याच्या रविवार पेठेतल्या एकाच काष्ठौषधींच्या दुकानातून यायचं. मी दर विचारायचे, घासाघीस करायचे आणि पोती टेम्पोत टाकायचे. हा माल कुठल्या मातीतून उपटलाय, हे विचारायचं पाच वर्षं सुचलंच नाही.

सुचलं ते हिशेबामुळे. मुलगा बी.कॉम.ला होता, त्याने एकदा पाकिटाचा खर्च काढायला घेतला. आमचं पन्नास ग्रॅमचं पाकीट तीस रुपयांना जायचं आणि कृतीत चंदन शेकडा पाच, म्हणजे पाकिटाला अडीच ग्रॅम. खऱ्या गाभ्याचा भाव त्याने चौकशी करून किलोला दहा हजार धरला. एका पाकिटात पंचवीस रुपयांचं चंदनच झालं की! मग उरलेल्या पाच रुपयांत बाकीचे सात जिन्नस, दळण, पाकीट, दुकानदाराचं कमिशन आणि आमचा नफा कसा बसत होता? आई, आपण घालतोय काय, असं त्याने विचारलं आणि मला उत्तर देता येईना.

दुसऱ्या दिवशी ‘चंदन पावडर’चा डबा उघडून थोडी ताटलीत पसरून ठेवली. आधी नाकात सणकून वास गेला, चौथ्या दिवशी ती नुसता लाकडाचा भुसा होती. खऱ्या गाभ्याचं उलट असतं, त्याचा वास मंद येतो पण मुक्काम करतो. चंदनाचा वास असतो तो फक्त आतल्या पिवळट-तपकिरी गाभ्यात. बाहेरचं पांढरं लाकूड बिनवासाचं. त्या पांढऱ्या लाकडाच्या किंवा कुठल्याही भुशाला अत्तर चोळलं की आम्हाला मिळत होती तशी पावडर तयार होते. खोडाच्या तुकड्यांचंही तेच. संशय आला तर तुकडा मधोमध चिरा. वास नुसता वरच्या सालटीलाच असेल, तर तो लावलेला आहे.

यावर सोपा उपाय म्हणजे महाग, अस्सल चंदन घेणं, असं मला वाटलं. एका व्यापाऱ्याने गाभ्याचे तुकडे आणून दाखवले. सहाणेवर उगाळले, वास एकदम देवघरातला. मी वाहतूक परवाना आणि पक्की पावती मागितली. तो म्हणाला, “वहिनी, कागद हवा तर भाव दुप्पट, आणि थांबावं लागेल.” आता आपल्याकडे चंदन स्वतःच्या बांधावरचं असलं, तरी तोडायला परवानगी आणि हलवायला पास लागतो. बिनकागदाचा तुकडा बहुधा कुणाच्या तरी आवारातून रात्री करवतीने उतरवलेला असतो. पुण्यात बंगल्यांतून, संस्थांच्या आवारांतून चंदनाची झाडं चोरीला जातात, या बातम्या सगळ्यांनीच वाचल्यात. चोर गाभा बघायला बुंध्याला भोक पाडतात, कोवळं निघालं तरी कित्येकदा झाड जातंच. जंगलातलं मोठं चंदन तर असंच संपत आलं. ही जात १९९८ पासून जगाच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत आहे.

मग शेतातलं चंदन बघायला निघालो. माण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने रोपवाटिकेवाल्याच्या भरवशावर दोन एकर लावलं होतं, ‘बारा वर्षांत करोडपती’ वगैरे. चंदन अर्धपरजीवी, शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटून अन्न ओढतं. त्याने तूर आणि कडुलिंब जोडीला लावले होते, म्हणजे माणूस अडाणी नव्हता. झाडं नऊ वर्षांची, मांडीएवढी जाड, दिसायला झकास. बारीक गिरमिटाने भोक पाडलं, तर पांढरा भुसा आला आणि वास अजिबात नाही. पाणी देऊन झाड फुगलं होतं, गाभा धरला नव्हता. त्याला आणखी दहा वर्षं थांबायला सांगून आलो. तो माझ्यावर चिडला, ते चुकीचं नव्हतं, पण चिडायचं होतं रोपवाटिकेवाल्यावर.

२०१२ च्या दिवाळीला उटण्यातून चंदन काढलं. पाकिटावरचं चित्रही काढलं. एकोणीस दुकानांपैकी सहांनी माल परत पाठवला.

एकदा विचारायची सवय लागली की थांबता येत नाही. पुढचा नंबर जटामांसीचा. उंदराच्या शेपटीसारखे केसाळ, तपकिरी तुकडे. ती हिमालयात तीन ते पाच हजार मीटर उंचीवर वाढते, तिथला उन्हाळा चार दिवसांचा, त्यामुळे बोटभर मूळ व्हायला वर्षं लागतात. आणि आपल्याला हवं असतं ते मूळच. उपटलं की संपलं. ती अतिसंकटग्रस्त आहे, १९९७ पासून सीमेपार व्यापाराला परवाना लागतो. दुकानदार म्हणाला, “नेपाळचा माल आहे.” मी परवान्याची प्रत मागितली, तर तो हसला. मी जटामांसी बंद केली आणि वाळ्याचं प्रमाण वाढवलं.

आता कुणी म्हणेल, मुळं नकोत तर नागरमोथा कसा चालतो? कारण तो रानगवत आहे. शेतकरी उपटून बांधावर फेकतात, आणि आम्ही पैसे देतो म्हटल्यावर खूश होतात. नुसतं ‘मूळ वाईट, फळ चांगलं’ असं चालत नाही. फळासाठीही माणसं फांद्याच्या फांद्या तोडतात. बाळहिरड्याच्या हंगामात ते पाहिलंय, पुढच्या वर्षीचा हिरडा त्याच फांदीवर येणार असतो.

२०१७ ला त्रिफळा चूर्ण काढायचं ठरवलं, तेव्हा म्हणून आधी जंगल पाहिलं, मग भाव. भीमाशंकरच्या परिसरात फेअरवाइल्ड प्रमाणित, म्हणजे रानाला धक्का न लावता वेचल्याचं प्रमाणपत्र असलेला हिरडा-बेहडा गोळा होतो. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने ते उभं केलं, गोळा करणारी माणसं मुख्यतः महादेव कोळी. पूर्वी बेहड्याची जुनी झाडं सरपणाला जायची. आता फळाला चांगला दाम मिळतो, म्हणून झाड ठेवण्यात फायदा आहे. त्याच म्हाताऱ्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो. बेहडा खाली पडलेला वेचतात, सगळा नाही, काही पाखरांना आणि रुजायला सोडतात.

त्या मालाच्या वाटेवरही आम्ही चुकलो. पहिल्या वर्षी घाईने दुसरीकडून दोन पोती बेहडा घेतला, पावसात भिजलेला. वरून साल ठीक, फोडल्यावर आत हिरवट बुरशी. सगळा खड्ड्यात गेला. तेव्हापासून पोत्याच्या मधून दहा फळं काढून फोडते आणि साल दाताखाली धरते. कडकन मोडली तर घ्यायची, वाकली तर परत.

आता उटण्याचं पाकीट पंचावन्न रुपयांना आहे. मागे प्रत्येक जिनसापुढे लागवडीचा की रानातला आणि कुठला, हे छापतो. गव्हल्यापुढची जागा अजून कोरी आहे, दोन वर्षं विचारतोय आणि प्रत्येक दुकानदार वेगळं सांगतो.

गेल्या दिवाळीत एक जुन्या ताई आल्या. म्हणाल्या, “चंदन नाही म्हणून मी रुसले होते तुमच्यावर. मग आजीचं खोड काढलं देवघरातून. तुमचं उटणं भिजवते आणि वरून चार वळसे उगाळून घालते.” त्यांचं ते वाक्य यंदाच्या पाकिटावर छापलंय, चित्र होतं त्या जागी.