सोळा फॉर्म राहिले होते

तृतीय वर्ष बी.ए.च्या भूगोलाच्या प्रकल्पांची शेवटची तारीख शुक्रवार, 12 सप्टेंबर होती. बुधवारी सकाळी पहिलं लेक्चर संपवून स्टाफरूममध्ये आले तेव्हा एका विद्यार्थिनीची मेल आलेली होती. तिचा विषय दादरचा फुलबाजार: माल कुठून येतो, गाळेवाले आणि फुटपाथवर बसणारे यांच्या खरेदीत काय फरक आहे, उरलेल्या फुलांचं काय होतं. पन्नास विक्रेत्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. मेल एवढीच होती:

«विषय: भूगोल प्रकल्प, 19 सप्टेंबरपर्यंत मुदतवाढीची विनंती

मॅडम, मला 2 तारखेपासून डेंग्यू झाला होता. ताप 7 तारखेला उतरला, पण डॉक्टरांनी 14 पर्यंत घरीच राहायला सांगितलंय. 50 पैकी 34 फॉर्म झालेत, 16 राहिलेत. खरं तर हे फॉर्म मी आजारी पडायच्या आधीच पूर्ण व्हायला हवे होते. गणपतीच्या आठवड्यात विक्रेत्यांना बोलायला वेळ नसतो, हे मी ठरवताना लक्षात घेतलं नाही. पहिली दोन प्रकरणं सोबत जोडली आहेत. 12 ऐवजी शुक्रवार, 19 तारखेला पूर्ण प्रकल्प देऊ शकेन. चालेल का? प्रमाणपत्र लागलं तर पाठवते.»

खाली नाव, वर्ग, रोल नंबर. मी ती दोनदा वाचली, कारण मला लागणारं सगळं तिच्यात होतं आणि एक गोष्ट अशी होती जी मुलं सहसा लिहीत नाहीत.

मुदतवाढीची विनंती आली की मला दयामाया दाखवायची की नाही हे ठरवायचं नसतं, तारखा जुळवायच्या असतात. अंतर्गत गुणांची यादी सोमवारी, 22 तारखेला परीक्षा विभागात द्यायची होती. त्याआधी प्रकल्प वाचायचा आणि तोंडी घ्यायची, म्हणजे शनिवार हातात हवा. म्हणून 19 ही माझ्या अधिकारातली शेवटची तारीख होती. त्यापुढे एक दिवस जरी हवा असता तरी विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांकडे अर्ज गेला असता आणि मग प्रमाणपत्राशिवाय भागलं नसतं. यादीची तारीख मी वर्गात आधीच सांगितली होती, तिने ती ध्यानात ठेवून मागणी केली होती. «थोडे दिवस द्या» असं लिहिलं असतं तर मला उलट विचारावं लागलं असतं: किती दिवस, काय राहिलंय, कधीपासून काम करू शकशील? ही प्रश्नोत्तरं होईपर्यंत दोन दिवस सहज जातात, आणि शेवटच्या आठवड्यात दोन दिवस म्हणजे निम्मं काम.

आता त्या न लिहिल्या जाणाऱ्या गोष्टीबद्दल. आपण आधीच मागे होतो, हे तिने लिहिलं. ते लपवलं असतं तर मला कळलं नसतं असं नाही. वर्गाच्या वेळापत्रकात 31 ऑगस्टपर्यंत सर्व फॉर्म पूर्ण करायचे होते. 2 तारखेला ताप आला आणि 34 फॉर्मच हातात आहेत, म्हणजे सोळा फॉर्म आजारामुळे राहिलेले नाहीत, हे दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसतं. सगळा दोष तापावर टाकलेली विनंती वाचताना शिक्षकाच्या डोळ्यांपुढे हेच वेळापत्रक असतं. तिथे एकदा शंका आली की मग खऱ्या आजाराचेही पुरावे मागावेसे वाटतात. तिने ते एका वाक्यात मोकळं केलं आणि पुढे गेली. तीन ओळी क्षमा मागितली नाही, घरच्या अडचणींची यादी दिली नाही.

मागणीही बेताची होती. 2 ते 14 असे तेरा दिवस गेले होते, तिने मागितले सात. ते पुरतील का, हे मला तपासायचं होतं. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला असं होत नाही. ताप उतरतो त्याच सुमारास प्लेटलेट्स कमी झालेल्या असतात आणि अशक्तपणा पुढे काही आठवडे रेंगाळू शकतो. फुलबाजार मात्र पहाटेचा. उजाडेपर्यंत मोठी खरेदी उरकते, त्या गर्दीत वही घेऊन उभं राहणं धडधाकट मुलीलाही जड जातं.

मी तिला फोन केला.

«मॅडम, मी 15 आणि 16 ला पहाटे पाचला जाईन. आठ-आठ फॉर्म होतील.»

«पाचला नको. अकराच्या पुढे जा, आणि एकटी जाऊ नकोस. पितृपक्ष चालू आहे, बाजार थंड असतो. दुपारी माणसं बसलेली असतात, बोलतील.»

«पण पहाटे खरेदी करणारे विक्रेते मिळणार नाहीत.»

«ते तुझ्या 34 मध्ये आहेत ना? मग राहिलेले सोळा दुपारचे आहेत, हे पद्धतीच्या प्रकरणात लिही. गणपतीचे आणि पितृपक्षाचे भाव मात्र एका तक्त्यात मिसळू नकोस.»

हा शेवटचा मुद्दा मला मुदतीइतकाच महत्त्वाचा वाटत होता. सणाच्या आठवड्यात झेंडूचा जो भाव विक्रेता सांगतो आणि पितृपक्षात जो सांगतो, त्यांची सरासरी काढली तर ती कुठल्याच दिवसाची नसते. मुदतवाढ दिली की क्षेत्रपाहणीचा काळ बदलतो आणि माहितीही बदलते. म्हणून लेखी उत्तरात मी तीन गोष्टी टाकल्या: 19 तारीख दुपारी चारपर्यंत मान्य, तक्ते बुधवारी, 17 ला रात्रीपर्यंत मला दाखवायचे, फॉर्म पूर्ण झाले नाहीत तर जेवढे झाले तेवढेच लिहायचे. प्रमाणपत्र माझ्यासाठी नको, पण 75 टक्के हजेरीच्या हिशोबासाठी कार्यालयात द्यायला सांगितलं. रक्ताच्या रिपोर्टचा फोटो मी कुणाकडूनच मागत नाही. त्यातलं मला काही ठरवायचं नसतं, आणि तो आजार त्या मुलाचा खाजगी असतो.

शुक्रवारी, 12 तारखेला रात्री पावणेबाराला दुसऱ्या एका मुलाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: «मॅडम बरं नाहीये, प्रोजेक्ट उशिरा दिला तर चालेल का?» तोही खरंच आजारी होता, हे सोमवारी कळलं. पण तोवर मुदत उलटून गेली होती, त्याचं काय राहिलंय ते मला ठाऊक नव्हतं आणि शनिवार-रविवार वाया गेला होता. त्यालाही 19 तारीखच मिळाली, फक्त त्याच्या हातात चार दिवस उरले. निरोप बुधवारी आला असता तर त्याची प्रश्नावली मी तेव्हाच छोटी करून दिली असती.

फुलबाजाराचे तक्ते बुधवारी रात्री साडेनऊला आले. फॉर्म 47 होते. तीन विक्रेत्यांनी नकार दिला, असं तिने पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं होतं, आणि भावांचे दोन वेगळे तक्ते केले होते. शुक्रवारी दुपारी ती बहिणीबरोबर आली, जिना चढून बाकावर बसली, पाणी प्यायली. प्रत चाळताना उरलेल्या फुलांच्या तक्त्यात टक्केवारी अजून 50 धरूनच काढलेली दिसली. तिने ती तिथेच बसून पेनाने 47 वर केली, शेजारी सही केली आणि प्रत माझ्या हातात दिली. तेव्हा साडेतीन वाजले होते.